विषय: आपल्या वेबसाइटवरील ‘दरपत्रक’ पानाची मराठी अक्षरे मोबाइलवर उमटत नाहीत

श्री. परांजपे यांस,
सप्रेम नमस्कार.

देवगड हापूसची पेटी मागवण्यासाठी काल आपली वेबसाइट मोबाइलवर पाहिली. बागेची छायाचित्रे आणि आढीची माहिती मनापासून आवडली. मात्र ‘दरपत्रक’ पानावर मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची सरमिसळ दिसली, त्यामुळे पाच डझनांच्या पेटीचा दर कळू शकला नाही.

हे आपल्या लक्षात न येणे अगदी स्वाभाविक आहे, कारण ते पान युनिकोड या सर्व उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरप्रणालीच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेले असून तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथे मजकूर निर्दोष दिसतो. छपाईसाठी आजही असे फॉन्ट सर्रास वापरले जातात आणि बहुधा छापील पत्रकातूनच हा मजकूर घेतला गेला असावा. ग्राहकाच्या फोनमध्ये मात्र तो फॉन्ट नसतो, आणि गूगललाही ‘हापूस’ हा शब्द त्या पानावर सापडत नाही.

उपाय सोपा आहे: मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून रफार, जोडाक्षरे आणि आकडे हाताने तपासावे लागतात. आपले नेहमीचे वेबसाइट सांभाळणारे हे काम सहज करू शकतील. आमच्याकडे सोपवल्यास दोन दिवसांत, ३,५०० रुपयांत करून देऊ. मोबाइलवर दिसणाऱ्या पानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

या पत्राला उत्तर दिल्यास पुढचे बोलता येईल. पेटीचा दरही कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
मृणाल साठे
वेबसाइट निर्मिती व देखभाल, कोथरूड, पुणे