आजीसाठी एक मिनिट

काल रात्री घरच्या ग्रुपसाठी टाइप केलेलं, पाठवलं नाही:

"नमस्कार सगळ्यांना. बुधवारी सकाळी 7 ला आम्ही हिरावाडीतून निघालो. तिथे गेल्यावर बाबांची शुगर तपासली तर 210 निघाली, म्हणून दोन तास बसवून ठेवलं. मग उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आत वीसेक मिनिटं लागली. लेन्स कोणती टाकायची यावरून दादाचं आणि माझं थोडं वाजलं. शेवटी साधीच टाकली, वाचायला चष्मा लागेलच. गुरुवारी पट्टी काढली. डोळ्यात टाकायचे थेंब दोन प्रकारचे, एक सहा वेळा, दुसरं चार वेळा, दोन्हींमध्ये दहा मिनिटं सोडायची. डोक्यावरून आंघोळ नाही, वाकायचं नाही, चुलीच्या धुरात जायचं नाही. काका, चाळीतल्या कांद्याचं बाबा सारखे विचारतात, तर"

इथवर आले आणि लक्षात आलं, आजीला कुठे वाचता येतं? काका वाचून दाखवणार आणि ती 210 पाशीच अडकणार. 'ऑपरेशन' हा शब्द कानावर पडल्यापासून ती धड जेवलेली नाही म्हणे. त्यामुळे शुगर, लेन्सचं भांडण, थेंबांचं वेळापत्रक, सगळं गेलं. कांद्याचं काकांशी फोनवर बोलेन.

बोलायचं (सावकाश, आजीला कमी ऐकू येतं):

"आजी, बाबांना दिसतंय. काल पट्टी निघाली. आज सकाळी गॅलरीत उभं राहून समोरच्या दुकानाची पाटी त्यांनी स्वतः वाचली. दुखत नाही, दोन वेळा नीट जेवतात, आणि काळा चष्मा लावून ऐटीत बसलेत.

(जरा थांबायचं. ती इथे काकांना काहीतरी विचारेल.)

तू लगेच निघू नकोस. आठवडाभर घरात वर्दळ नको, असं डॉक्टर म्हणालेत. पुढच्या रविवारी ये, काकांबरोबर. कळवणहून सकाळची एसटी धरा, दिंडोरी नाक्यावर उतरा, मी गाडी घेऊन उभी असेन. आधार कार्ड आठवणीनं पिशवीत टाक. 75 च्या पुढच्यांना तिकीट नाही, पण कार्ड दाखवावं लागतं. मागच्या वेळी ते घरी राहिलं आणि तू कंडक्टरशी भांडत बसलीस, तसं नको.

येताना काही आणू नकोस. बरं, नागलीचे पापड आण, नाही म्हटलं तरी आणशीलच.

थांब, बाबांकडे देते."

(फोन बाबांकडे. त्यांना बजावलंय, पाल्हाळ लावू नका.)

"आई, दिसतंय गं मला. जेवून घे आता."