विषय: शाळेच्या चॅनेलवरच्या व्हिडिओंना आणि प्लेलिस्टना नावं देण्याचे नियम

१८ जुलै २०२५

मा. मुख्याध्यापक सर,
नमस्कार.

तुम्ही म्हणालात तसं लेखी देतेय सर, पण 'उपरोक्त विषयास अनुसरून' करत बसले तर अर्धं पान त्यातच जाईल, म्हणून बोलल्यासारखंच लिहिते, चालवून घ्या. फायलीला लावायचं असेल तर नंतर नीट टाइप करून देते.

आपल्या चॅनेलवर आता दोनशेच्या वर व्हिडिओ झालेत आणि सगळ्यांनी मनापासून शिकवलंय, त्याबद्दल काही म्हणणंच नाही. अडचण एवढीच की पोरांना ते सापडत नाहीत. चॅनेल उघडून बघा, वरच 'VID_20240712_101530' आहे, त्याखाली 'गणित नवीन', त्याखाली 'गणित नवीन फायनल' आणि मग 'सर्व विद्यार्थी मित्रांना नमस्कार आज आपण...' इथंच मोबाईलवर नाव तुटतं, पुढे काय शिकवलंय ते देवालाच ठाऊक. ते आकड्यांचं नाव काही कुणी मुद्दाम दिलेलं नाही, अपलोड करताना टायटल बदललं नाही की यूट्यूब फाइलचंच नाव उचलतं आणि तेच तसंच राहतं.

सगळ्यात मोठा घोळ 'भाग २' चा आहे. दहावीच्या विज्ञानाची पुस्तकं भाग १ आणि भाग २. त्यातल्या भाग २ मध्ये दुसरा धडा 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग १' आणि तिसरा 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २'. आणि वर आपण मोठा धडा दोनदा शूट करतो, त्यालाही भाग १, भाग २ च म्हणतो. आता 'विज्ञान भाग २ जीवनप्रक्रिया भाग २ भाग १' हे नाव वाचून आत काय आहे ते कुणी सांगावं? मी विज्ञान शिकवते तरी मला उघडून बघावं लागतं, परीक्षेच्या आदल्या रात्री पोरगं कुठे शोधत बसणार. गणितातही तेच. म्हणून माझा पहिला आग्रह हा की 'भाग' हा शब्द धड्याच्या छापील नावात असेल तरच येऊ द्यायचा. पुस्तकाला 'विज्ञान 1', 'विज्ञान 2' म्हणायचं, गणिताला सरळ बीजगणित, भूमिती, आणि व्हिडिओच्या तुकड्याला नंबर न देता त्यात काय शिकवलंय तेच लिहायचं. असं:

```
10वी विज्ञान 1 | 07 भिंगे | किरणाकृती
10वी विज्ञान 2 | 03 जीवनप्रक्रिया भाग 2 | परागीभवन
10वी भूमिती | 03 वर्तुळ | स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय
```

आधी इयत्ता-विषय, मग धड्याचा नंबर आणि नाव, मग मुद्दा. बस्स. यूट्यूब टायटलला १०० अक्षरं देतं, पण मोबाईलच्या यादीत त्यातली बरीच दिसत नाहीत, तेव्हा आपण पन्नासच्या आसपास थांबू. शाळेचं नाव टायटलमध्ये नको, चॅनेलचं नाव खाली दिसतंच. शिकवणाऱ्याचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये टाकू. यावर एक-दोघं नाराज होतील हे मला माहितेय, नाव दिसावं असं वाटणं चुकीचं नाहीच, पण टायटलच्या सुरुवातीला जागा धड्याचीच असावी.

अंक मात्र सगळ्यांनी इंग्रजीच वापरायचे, कारण '७' आणि '7' आपल्याला एकच असले तरी कॉम्प्युटरला वेगळे. एक आकडी नंबराआधी शून्य लावायचं, नाहीतर पेनड्राइव्ह हॉलमधल्या टीव्हीला लावला की पहिल्या धड्यानंतर दहावा येतो आणि मग रिमोट घेऊन शोधाशोध. 'नवीन', 'फायनल', 'IMP', इमोजी हे सगळं बंद (दहावीचं आपल्याला सगळंच IMP वाटतं, त्यामुळे त्या शब्दाला तसाही अर्थ उरलेला नाही). आणि कुठल्याही मुलाचं नाव तुकडीसकट टायटलमध्ये टाकायचं नाही, यावर मी अडून बसणार आहे. मुलीने प्रयोग छान करून दाखवला तर तिचं कौतुक वर्गात करू, सगळ्या जगाला तिचं नाव-गाव-इयत्ता कशाला.

सेमीच्या पोरांचं काय हा प्रश्न येणारच. ती 'भिंगे' शोधत नाहीत, 'Lenses' टाइप करतात, आणि मराठी माध्यमातलीसुद्धा बरीच जण फोनवर 'bhinge' असंच लिहितात. टायटलमध्ये सगळं कोंबण्यापेक्षा डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत इंग्रजी नाव आणि हे इंग्रजी अक्षरातलं मराठी, दोन्ही टाकू. फक्त सेमीसाठी इंग्रजीतून शिकवलेला व्हिडिओ असेल तर त्याचं धड्याचं नाव इंग्रजीतच ठेवू.

ड्राइव्हवर ठेवायच्या मूळ फाइलींना मात्र हे टायटल चालणार नाही, विंडोज नावात ती उभी रेघ घेतच नाही, '9/10' मधली तिरकी रेघही नाही. तिथे असं:

```
10_SCI1_07_kiranakruti.mp4
```

प्लेलिस्ट एका इयत्तेच्या एका पुस्तकाची एकच, '10वी विज्ञान 1 | 2025-26' अशी. वर्ष फक्त प्लेलिस्टला लावायचं, व्हिडिओला नाही, कारण पुस्तक तेच असेल तर तोच व्हिडिओ पुढच्या वर्षीच्या प्लेलिस्टमध्येही घेता येतो. यंदा पहिलीला नवीन अभ्यासक्रम आलाच आहे, तो पुढे वरच्या वर्गांना येईल तेव्हा जुन्या प्लेलिस्टच्या नावाआधी 'जुनं पुस्तक' लिहायचं, पोरं फसणार नाहीत. आतला क्रम धड्यांचा, अपलोडच्या तारखेचा नव्हे. म्हणजे ज्याने व्हिडिओ टाकला त्यानेच तो ओढून त्याच्या धड्याजवळ नेऊन ठेवायचा. 'इतर' नावाची प्लेलिस्ट उघडायचीच नाही, एकदा उघडली की सगळं तिथेच जाऊन पडतं. स्नेहसंमेलन, पंधरा ऑगस्ट वगैरेची वेगळी एक करू.

टायपिंगचा कंटाळा हे कारण मला ऐकू येतंच आहे. त्यासाठी मी एक गूगल शीट करून देते, प्रत्येक पुस्तकाच्या धड्यांची नावं नंबरासकट तयार, तिथून कॉपी करायचं आणि शेवटी फक्त मुद्दा लिहायचा. शुद्धलेखनही एकसारखं राहील, सध्या आपल्या चॅनेलवर 'अपूर्णांक' तीन प्रकारे लिहिलेलं आहे.

जुने व्हिडिओ डिलीट करून परत टाकू नका असं मीटिंगमध्ये प्लीज तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील. टायटल बदललं तरी लिंक तीच राहते, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवलेल्या सगळ्या लिंक चालू राहतात. डिलीट केलं की त्या गेल्या, आणि व्ह्यूजही गेले. गणपतीच्या सुट्टीआधी दहावीचं उरकू, बाकीच्या इयत्ता दिवाळीपर्यंत. ज्याने त्याने आपापले व्हिडिओ बदलायचे, जे शिक्षक बदलून गेलेत त्यांचे मी आणि कुलकर्णी सर वाटून घेतो, त्यांच्याशी बोलणं झालंय.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. सोमवारच्या मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं, प्रोजेक्टरवर चॅनेल उघडून दाखवते, वेगळं काही सांगावं लागणार नाही. आणि चॅनेलचा पासवर्ड आत्ता निम्म्या स्टाफकडे आहे, त्याऐवजी स्टुडिओच्या सेटिंगमधून प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या ईमेलवर एडिटरची परवानगी देऊ आणि मग पासवर्ड बदलून फक्त तुमच्याकडे ठेवू. ते तुमच्या लॉगिननेच करावं लागेल, शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मिळाली तर मी लॅपटॉप घेऊन येते.

आपली,
सौ. देशमुख
विज्ञान, नववी-दहावी