घरच्या गणपतीची सजावट २०२६ : आगाऊ नोंदणी सुरू

यंदा अधिक मासामुळे गणेश चतुर्थी उशिरा, सोमवारी १४ सप्टेंबरला आहे. नोंदणी २० जुलै ते २३ ऑगस्ट. तुमच्या मापाचं मखर हवं असेल तर मात्र ९ ऑगस्टच्या आत सांगा, कापणी-रंगकाम-वाळवणीला पावसाळी हवेत वेळ लागतो. नोंदणीला निम्मी रक्कम. माल ५ ते ११ सप्टेंबर या काळात रविवार पेठेतल्या दुकानातून न्यायचा. पुणे शहरात घरपोच १५० रुपये.

आधी माप घ्या. मूर्तीची उंची प्रभावळीसकट मोजा, त्यात पाटाची उंची आणि वर किमान ६ इंच मिळवा. हार घालताना हात आत जायला हवा. समोर निरांजन आणि नैवेद्याचं ताट ठेवायला आणखी दीड फूट जागा लागते. टेबल निवडताना नेमकं हेच राहून जातं.

<b>छोटा संच, १,१५० रुपये</b> (मूर्ती १० इंचांपर्यंत): घडीचं पाच प्लाय पुठ्ठ्याचं मखर, आतून २० उंच, १८ रुंद, १४ इंच खोल, आसन, दोन कापडी झेंडूमाळा, ५ मीटर एलईडी माळ, ४० इंची तोरण.

<b>मोठा संच, २,४५० रुपये</b> (मूर्ती दीड फुटापर्यंत): ३० उंच, ३० रुंद, २० इंच खोल मखर, चार माळा, १० मीटर एलईडी, तोरण.

<b>पडद्याचा संच, २,९०० रुपये</b>: ६ फूट उंच, ५ फूट रुंद नळ्यांचा स्टँड. भाड्याच्या घरासाठी हाच घ्या, भिंतीला खिळा लागत नाही. पाच फुटांना आम्ही ९ फूट रुंद कापड देतो, कारण नेमकं मापाचं कापड चुण्यांविना ताणलेलं दिसतं. गौरी बसवणाऱ्यांना ८ फुटी स्टँड ६०० रुपये जादा.

थर्माकोल राज्यात २०१८ पासून बंद आहे, आम्ही ठेवत नाही.

पुठ्ठ्याचा शत्रू ओल. ताज्या फुलांचे हार पाणी निथळल्यावरच चढवा, मखराखाली प्लास्टिक अंथरा आणि मखर भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी कडा फुगतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही, भुकटीसकट सुटून येते. समई आणि कापूर पडद्यापासून किमान दोन फूट दूर. वाऱ्याने पडदा पुढे येतो, म्हणून खालच्या कडेला वजनाची पट्टी शिवलेली असते, ती काढू नका. एलईडी पिवळसर निवडा. पांढऱ्या झगझगीत प्रकाशात शाडूचा रंग फिका पडतो.

घरी नेल्यावर मखर एकदा जोडून पाहा, माळ तासभर लावून ठेवा. जोड बसत नसेल किंवा दिवे बंद पडले तर १२ सप्टेंबर रात्री ९ पर्यंत पावतीसह बदलून मिळेल. वापरलेलं मखर घडी करून कोरड्या जागी ठेवलंत तर पुढच्या वर्षी फक्त माळा नव्या घ्याव्या लागतील. त्या सुट्या १२० रुपयांना जोडी.