रब्बी कांद्याची साठवणुकीतील वजनघट: तीन पद्धतींची तुलना

प्रत्येक पद्धतीत २५ किलोचे १२ लॉट, असे ३६ लॉट चार महिने साठवले. सड लागलेल्या काही लॉटमध्ये घट फार वाढल्याने सरासरीऐवजी क्रमांकांवर आधारित क्रुस्कल-वॉलिस चाचणी वापरली. घटीचा मध्यक जमिनीवरच्या ढिगात ४१.५ टक्के (पहिला ते तिसरा चतुर्थक ३६.० ते ४७.२), फक्त तळातून हवा खेळणाऱ्या चाळीत ३२.८ (२८.१ ते ३८.०) आणि तळ व बाजू दोन्हीकडून हवेशीर चाळीत २८.९ (२५.२ ते ३३.६) होता. पद्धतींमध्ये फरक आढळला: H(२) = १५.०८, p < ०.००१.

जोड्यांसाठी डन चाचणी केली, पी-मूल्ये होल्म पद्धतीने दुरुस्त केली. मध्यक-फरक हॉजेस-लेहमन पद्धतीचे, म्हणजे दोन गटांतील लॉटच्या सर्व जोड्यांमधील फरकांचे मध्यक आहेत; त्यामुळे वरच्या मध्यकांच्या वजाबाकीशी ते तंतोतंत जुळतीलच असे नाही. ढिगातली घट दोन्हीकडून हवेशीर चाळीपेक्षा १२.४ टक्केबिंदूंनी जास्त होती (९५ टक्के विश्वासांतर ७.० ते १७.८, p < ०.००१), तर तळहवेच्या चाळीपेक्षा ८.६ ने (२.१ ते १४.३; p = ०.०२९). दोन चाळींमधला फरक ३.९ (−१.२ ते ८.१; p = ०.१६३) सिद्ध झाला नाही. त्यावरून दोन्ही चाळी सारख्याच, असे मात्र म्हणता येणार नाही: आठ टक्केबिंदूंपर्यंतचा फायदा या आकड्यांत बसतो. विश्वासांतरे बहुतुलनेसाठी दुरुस्त केलेली नाहीत.