विषय: ब्रोशर आणि वेबसाईटवर तुमच्या पॅकहाऊसचं नाव टाकायची परवानगी हवीये

भाऊसाहेब, राम राम

खरड छाटणी आटोपली असेल, पॅकिंगही बंद आहे, म्हणून मुद्दाम आत्ता लिहितोय. सीझनमध्ये हा विषय काढला असता तर तुम्ही मेल उघडलाही नसता, आणि त्यात तुमची काही चूक नव्हती.

मागच्या महिन्यात पिंपळगावला आपल्या टेंपरेचर मॉनिटरिंग सिस्टीमच्या सर्व्हिसला आलो होतो तेव्हा निघताना मी सहज म्हणलं की आता नवीन ब्रोशर करतोय, तुमचं नाव टाकलं तर चालेल का. तुम्ही लगेच म्हणालात, टाक रे, त्यात काय विचारायचं. बरं वाटलं ऐकून. पण तेवढ्यावर मी नाव छापणार नाहीये, कारण एक तर आपल्या करारात गोपनीयतेचं कलम आहे, त्यात दोन्ही बाजूंनी लेखी परवानगीशिवाय एकमेकांची माहिती बाहेर द्यायची नाही असं साफ लिहिलंय, आणि दुसरं म्हणजे फर्म भागीदारीतली आहे, तुमच्या धाकट्या भावांना उद्या कुणीतरी मार्केट यार्डात ब्रोशर दाखवून विचारलं की हे काय, तर त्यांना आधीपासून माहीत असायला पाहिजे. म्हणून हा मेल त्यांनाही सोबतच पाठवलाय. दोघांचं हो असेल तरच हो.

नोव्हेंबरात कृषीथॉनला स्टॉल घ्यायचा विचार आहे, त्याआधी ब्रोशर छापायचंय आणि वेबसाईटही नवी होतेय. समोरच्या माणसाला सेन्सर, गेटवे, ॲप वगैरे सांगून काही होत नाही, तो एकच विचारतो, आपल्या इकडं कुणाकडं बसवलंय. दिंडोरी, निफाड पट्ट्यातला द्राक्षवाला तुमचं नाव ऐकून जेवढा विश्वास ठेवेल तेवढा माझ्या दहा पानी कॅटलॉगवर ठेवणार नाही, हे मला पक्कं माहितीये. फायदा माझाच आहे यात, ते लपवत नाही.

आता नेमकं काय मागतोय ते सांगतो. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एकीला हो आणि दुसरीला नाही असं म्हणालात तरी काही अडचण नाही.

पहिली साधी आहे. आमच्या ग्राहकांच्या यादीत तुमच्या फर्मचं नाव आणि लोगो. बाकी एक शब्द नाही.

दुसरी, रेफरन्स कॉल. एखादं नवीन पॅकहाऊस घ्यायच्या विचारात असेल आणि म्हणालं की वापरणाऱ्याशी बोलायचंय, तर तुमच्याशी किंवा तुमच्या सुपरवायझरशी पाच-दहा मिनिटं बोलणं करून द्यायचं. नंबर कुठंही छापणार नाही. प्रत्येक वेळी आधी तुम्हाला विचारणार, कोण आहे कुठला आहे ते सांगणार, तुम्ही हो म्हणालात तरच नंबर देणार. महिन्यात दोनच्या वर कॉल येऊ देणार नाही आणि जानेवारी ते एप्रिल तर एकही नाही. आणि समोरच्याला जे खरं वाटतं तेच सांगा, ॲप सुरुवातीला किती स्लो चालायचं ते सांगितलंत तरी माझी हरकत नाही, उलट तो जास्त विश्वास ठेवेल.

तिसरी म्हणजे केस स्टडी, दोन पानांची, फोटोसकट. खरं बोलायचंय ते हिच्याबद्दलच.

केस स्टडीत मला फेब्रुवारीतली ती रात्र घ्यायचीये. लाईट गेली, जनरेटर चालू झाला, हॉलमधले दिवे लागले म्हणून सगळ्यांना वाटलं झालं व्यवस्थित, पण ३ नंबर प्रीकूलिंगचा कॉम्प्रेसर फेजच्या रिलेमुळे परत उठलाच नव्हता. आपल्या बॉक्सला बॅटरी आणि सिम आहे म्हणून २ वाजून १० मिनिटांनी सुपरवायझरला फोन गेला आणि माल वाचला. माझ्या दृष्टीनं याच्यापेक्षा चांगली गोष्ट नाही, प्रीकूलिंगमध्ये पल्पचं टेंपरेचर वेळेत उतरलं नाही तर पुढं रीफरमध्ये कितीही थंड ठेवा, देठ वाळायचे ते वाळतात आणि बुरशीचा धोका वाढतो, हे द्राक्षवाल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण तुमच्या बाजूनं बघितलं तर ही गोष्ट तेवढी गोड नाही. तुमच्याकडं दोन एक्सपोर्टरचा माल जॉबवर्कला असतो. त्यांच्या क्वालिटीवाल्यानं वाचलं की या पॅकहाऊसमध्ये रात्री चेंबर बंद पडला होता, तर तो हे नाही बघणार की माल वाचला, तो विचारेल की असं किती वेळा होतं. पुढच्या ऑडिटला तोच प्रश्न येईल. त्यामुळं ही गोष्ट टाकायची की नाही हे तुम्हीच ठरवा, आणि ठरवताना एक्सपोर्टरचा विचार करून ठरवा, माझा नको.

मी आधी विचार केला होता की नाव काढून टाकू, पिंपळगाव भागातलं एक पॅकहाऊस एवढंच लिहू. पण हायवेला लागून, चार प्रीकूलिंग चेंबर, दोन कोल्ड स्टोअर एवढं लिहिलं की आपल्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा ओळखेल कुठलं ते. म्हणून नाव नको असेल तर ही गोष्टच काढू, अर्धवट झाकण्यात अर्थ नाही. मग केस स्टडी फक्त रोजच्या वापरावर करू, म्हणजे आधी तासातासाला वहीत टेंपरेचर लिहायला माणूस लागायचा, आता रिपोर्ट आपोआप निघतो आणि ऑडिटरला तोच दाखवता येतो.

लाईट बिलाचंही असंच आहे. यंदा टनामागे युनिट साधारण दहा टक्के कमी लागलं असं तुमच्या वहिनींनी बिलं लावून काढलं होतं. आकडा छापायला मला आवडेल, पण त्याच सीझनच्या आधी तुम्ही सगळ्या दारांचे गॅस्केट बदलले आणि पडदेही नवीन लावले, त्यामुळं सगळं श्रेय सेन्सरला देणं खोटं ठरेल. मी लिहीन ते दोन्ही मिळून असंच लिहीन. आमचा वेबसाईटवाला म्हणत होता की गॅस्केटचं कशाला लिहायचं, पण पॅकहाऊस चालवणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं, त्याला आपण येडा समजलो असं वाटायला नको.

मजकूर साधारण असा असेल, वाचून बघा:

“पिंपळगाव बसवंत इथल्या या पॅकहाऊसमध्ये चार प्रीकूलिंग चेंबर आणि दोन कोल्ड स्टोअर आहेत. आधी टेंपरेचरची नोंद हातानं व्हायची, रात्रीच्या नोंदी सकाळी एकत्र बघितल्या जायच्या. आता प्रत्येक चेंबरचं टेंपरेचर मोबाईलवर दिसतं आणि ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं की सुपरवायझरला फोन जातो. दारांचे नवे गॅस्केट, पडदे आणि हे मॉनिटरिंग मिळून पहिल्या सीझनला टनामागे विजेचा वापर साधारण दहा टक्क्यांनी कमी झाला.”

खाली तुमच्या नावानं दोन ओळी हव्यात. त्या मी लिहून तुमच्या तोंडी घालणार नाही, तुम्हीच व्हॉट्सॲपला व्हॉइस नोट टाका, जसं बोलता तसंच उतरवू, फार तर अर्धं वाक्य कापू आणि तेही दाखवून.

काय अजिबात जाणार नाही तेही लिहून ठेवतो. एक्सपोर्टरची नावं, परदेशातल्या सुपरमार्केटची नावं, कुठल्या शेतकऱ्याचा माल, ग्रेपनेटवरचे नोंदणी नंबर, रेसिड्यू रिपोर्ट, जॉबवर्कचे रेट, आणि आमच्या सिस्टीमला तुम्ही किती पैसे दिले तेही नाही. फोटो काढायचे झाले तर पनेटवर लेबल लागायच्या आधीचे काढू, कारण लेबलवर दुसऱ्याचा ब्रँड असतो आणि त्याची परवानगी तुम्ही देऊ शकत नाही, मी तर नाहीच नाही. पॅकिंगच्या बायकांचे चेहरे येत असतील तर त्यांना आधी विचारायचं, काय आहे कुठं छापणार ते मराठीत सांगायचं, आणि एखादी नको म्हणाली तर तो फोटो नाही. मुकादमानं हो म्हणलं म्हणजे सगळ्यांनी हो म्हणलं असं धरणार नाही. माझं मत विचाराल तर आत्ता रिकाम्या हॉलचे आणि चेंबरचे फोटो काढलेले बरे, जरा भकास दिसतील पण कुणाची कटकट नाही.

छापायच्या आधी फायनल पानं तुम्हाला दोघांना पाठवणार, तुम्ही ओके म्हणाल तेव्हाच प्रेसला जाईल. परवानगी दोन वर्षांची धरू, नंतर परत विचारीन. मधेच कधी वाटलं की नको आता, कारण सांगायची गरज नाही, एक मेसेज टाका, वेबसाईटवरून आठवड्याच्या आत काढतो. छापून वाटलेली ब्रोशर मात्र परत आणता येणार नाहीत, शिल्लक असतील ती वाटायचं थांबवीन, एवढंच हातात आहे.

याच्या बदल्यात एएमसीत सूट वगैरे देत नाहीये, मुद्दाम. तशी सूट दिली तर मग खाली लिहावं लागेल की यांना सवलत दिलीये, आणि तुमच्या शब्दाची किंमत तिथंच कमी होते. नाही म्हणालात तरी एएमसीचा रेट तोच, रात्रीचा फोन उचलणारा पोरगाही तोच.

उत्तर फार मोठं नको. याच मेलला रिप्लाय करा की “यादीत नाव: हो किंवा नाही, रेफरन्स कॉल: हो किंवा नाही, केस स्टडी: हो किंवा नाही, फेब्रुवारीची गोष्ट: हो किंवा नाही”, आणि खाली दोघांची नावं. व्हॉट्सॲपवर नको, तिथं चॅट गायब होतात, मेलवर राहतं. लेटरहेडवर सही-शिक्का करून दिलंत तर उत्तमच, पण त्यासाठी अडून बसू नका. १५ जुलैपर्यंत कळवलंत तर प्रेसच्या वेळेत बसतं. तोपर्यंत काही आलं नाही तर मी ते नाही असंच धरीन आणि परत परत फोन करून भंडावून सोडणार नाही.

गुरुवारी आमचा पोरगा २ नंबर कोल्ड स्टोअरचा सेन्सर कॅलिब्रेट करायला येतोय, त्याच्याकडं या मेलची प्रिंट देतो, धाकट्या भाऊंना कागदावर वाचायला बरं पडतं. आणि तो रिले तेवढा बदलून घ्या हो, ऑक्टोबरच्या छाटणीत परत विसरायला होईल.

तुमचा
निलेश
अंबड एमआयडीसी, नाशिक