राक्षसाचा आवाज

आमच्या ईश्वरीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये राक्षसाचं काम मिळालं. त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं दप्तर सोप्यात टाकलं आणि सरळ आण्णांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आज्जा, तुमच्यासारखा आवाज कसा काढायचा?"

आण्णा उंबऱ्याला टेकून तंबाखू मळत होते. अंगठा थांबला नाही. "माझ्यासारखा म्हंजे?"

"घोगरा. बाई म्हणल्या, राक्षसाचा आवाज घोगरा पायजे. मी म्हणलं, आमच्या घरात हाय तसला."

मी नुकताच पहिली पाळी करून आलो होतो, मोरीत पाय धूत होतो. मला हसू आलं. आतून आईही हसली. आण्णा तर पोट हलेपर्यंत हसले, म्हणजे त्यांच्या घशातून तो जुना पंप सुरू करताना येतो तसला आवाज आला.

"त्याला लई वर्सं लागत्यात, बाळ."

"किती?"

"चाळीस-पंचेचाळीस वर्सं तंबाखू खाल्ली की येतोय."

ईश्वरी तिसरीत आहे. तिनं बोटं मोजली. गॅदरिंग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि डिसेंबरचे नऊ दिवस सरलेले. "मग आजपासनं सुरू केली तर थोडा तरी येईल न्हवं?"

तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. गणिताची शंका विचारावी तसं विचारलं तिनं. मोरीतला नळ बंद करायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. आण्णांनी तळहातावर दोन टाळ्या दिल्या, भुकटी फुंकली आणि चिमूट ओठात ठेवली. हो, ठेवली. गोष्ट सांगायची म्हणून 'तिथल्या तिथं डबी फेकून दिली' असं मी सांगणार नाही.

फरक पडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, गोठ्यामागं. तिथं काय झालं ते आण्णांनी मला महिन्यानं सांगितलं. ईश्वरीनं कडूलिंबाचा वाळका पाला डाव्या तळहातावर घेतला होता. अंगठ्यानं मळला, काड्या निवडून टाकल्या, दोन टाळ्या दिल्या, फुंकर मारली. मग खालचा ओठ ओढून पाला आत ठेवला, तोंड वाकडं केलं आणि मान उजवीकडं वळवून थुंकली.

"उजवीकडंच थुंकली रं," आण्णा म्हणाले. "मी उजवीकडं थुंकतोय हे मला तवा कळलं."

आमचं गाव कागलच्या खाली, दूधगंगेच्या काठाला. आता सगळा ऊस आहे, पण माझ्या लहानपणापर्यंत निम्म्या रानात तंबाखूच असायचा. पानं सुकवायची, मळायची, बैलगाडीत घालून निपाणीच्या वखारीत न्यायची. घरातल्या गोधडीलाही तोच उग्र वास. 1981 साली निपाणीला शरद जोशींनी तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसवले, पुणे-बंगळूर रस्ता अडवला, तेव्हा आजोबांबरोबर आण्णाही गेले होते. वय बावीस. आवाज असा की वरच्या रानातून हाक मारली तर नदीकाठचा माणूस वळून बघायचा. मागं बसलेल्यांना कर्ण्याचं ऐकू यायचं नाही म्हणून घोषणा पुढं पोचवायचं काम यांच्यावर. रात्री जागायचं, थंडी, पोटात काही नाही. कुणीतरी हातावर चिमूट ठेवली. ती पहिली.

म्हणजे ज्या पिकाला भाव मिळावा म्हणून हा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, त्याच पिकानं त्याचा घसा खाल्ला. यावर काय म्हणावं मला कळत नाही. भाव मागायला गेलेले चुकले, असं तर मी अजिबात म्हणणार नाही.

आवाज बसून दोन वर्षं झाली होती. आम्ही त्याला वय म्हणत होतो. फोनवर पाहुणे विचारायचे, "कोण बोलतंय?" तरी आम्ही वयच म्हणत होतो. आणि दर शनिवारी कागलहून त्यांच्या पुड्या आणून देणारा मी होतो, हेही सांगून टाकतो.

त्या सकाळी आण्णांनी डबी उघडली. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, मधला पत्रा झिजून पातळ झालेला. ती त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. कुणाला काही बोलले नाहीत. आम्हाला कळलं ते दुपारी, म्हशीला विनाकारण शिवी बसली तेव्हा.

पहिले तीन दिवस घरात कुणी त्यांच्या वाटेला गेलं नाही. डोकं दुखायचं, रात्री झोप नाही, पहाटे चारला उठून अंगणात येरझाऱ्या. सगळ्यात मोठी अडचण सकाळची. चाळीस वर्षं चिमूट ठेवल्याशिवाय पोट साफ झालं नव्हतं, आता पोटानं असहकार पुकारला. आई गरम पाणी देऊन दमली. हात रिकामा बसेना. जेवताना, बोलताना, टीव्ही बघताना उजवा अंगठा डाव्या तळहातावर गोल गोल फिरतच असायचा, आणि मग दोन टाळ्या. तळहातावर काहीही नसायचं.

ईश्वरीला वाटलं, हे सगळं तिच्या नाटकाच्या तालमीसाठी चाललंय. मग आईनं तिला जवळ घेऊन सांगितलं. ती जरा खट्टू झाली, राक्षस हातचा गेला म्हणून. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली. रिकाम्या पुडीवरचं चित्रही तिनंच सगळ्यांना वाचून दाखवलं. पुडीचा बहुतेक भाग त्या भयंकर फोटोनंच भरलेला असतो. आम्ही वर्षानुवर्षं त्याच्याकडं न बघता पुडी फाडत आलो होतो. खाली नंबर होता, 1800-11-2356, तंबाखू सोडायच्या मदतीचा. तिनं तो मोठ्यानं वाचला आणि माझा मोबाईल आण्णांच्या हातात दिला.

पलीकडच्या माणसानं पहिल्यांदा विचारलं, उठल्यावर पहिली चिमूट किती वेळानं घेता? आण्णा म्हणाले, "उठल्यावर कशाला? उशाखालीच असायची की." मग बराच वेळ ते नुसतं "व्हय, व्हय" करत होते. फोन ठेवल्यावर एवढंच सांगितलं, "तलफ आली की धा मिंटं काढायची म्हणं. पाणी प्यायचं, हिंडायचं. मग ती जातीया." धोतराच्या सोग्यात बडीशेप आणि लवंगा आल्या.

नवव्या दिवशी मोडलं. डेअरीत दूध घालायला रांग होती. बापूंनी नेहमीप्रमाणे मळून अर्धी चिमूट पुढं केली. आमच्याकडं पुढं केलेल्या हाताला नाही म्हणत नाहीत. जात, भाऊबंदकी, बांधाचं भांडण, सगळं त्या चिमटीपुढं बाजूला राहतं. वैरी माणूसही "काढा जरा" म्हणून हात पसरतो. आण्णांनी घेतली.

घरी आले आणि कॅलेंडरपाशी उभी असलेल्या नातीला म्हणाले, "आज मारू नगंस."

"का?"

"खाल्ली मी."

तिनं पेन खाली केलं. जराशानं विचारलं, "मग परत एकपासनं मोजायचं का, आज्जा?" आण्णांना उत्तर आलं नाही. तिनंच ठरवलं. त्या चौकोनात एक गोल काढला आणि म्हणाली, "उद्या फुली."

त्याच आठवड्यात मी त्यांना कोल्हापूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. नाकातून बारीक दुर्बीण घातली, पडद्यावर घसा दिसला. दोन्ही स्वरतंतू लाल, सुजलेले. डॉक्टर म्हणाले, आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला की दाखवायचं असतं, तुम्ही दोन वर्षं थांबलात. खालचा ओठ उलटून बघितला, तर तंबाखू ठेवायच्या नेमक्या जागी पांढरा, सुरकुतलेला चट्टा. त्याचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल मी लिहीत नाही.

कॅन्सर नव्हता. होऊ शकेल असा होता. तंबाखू बंद राहिली तर चट्टा कमी व्हायची आशा, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. "आवाज?" मी विचारलं. "सूज उतरली की सुधारेल थोडा. पूर्वीचा येईलच असं नाही."

गावात आता सगळे म्हणतात, डॉक्टरनं भीती घातली म्हणून सोडली. कॅलेंडर आमच्या भिंतीला आहे. रिपोर्टच्या आधीच्या फुल्या मोजून घ्याव्यात.

गॅदरिंगला चार दिवस राहिले तशी ईश्वरी रडत आली. घोगरा आवाज काढायला गेलं की बोलणं तिसऱ्या ओळीच्या पुढं जात नव्हतं, आणि बाई म्हणाल्या होत्या की राक्षस दुसऱ्याला देऊ. आण्णा तिला घेऊन वरच्या रानात गेले. मी बांधावर पाणी पाजत होतो.

"घोगरा ऱ्हाऊ दे. घोगरा आवाज लांब जात न्हाई, मला इचार. ह्या हितनं काढायचा," त्यांनी तिच्या पोटावर बोट ठेवलं. "गळा ढिला सोड. लांबच्या माणसाकडं बघ, जवळच्याकडं न्हाई. आता त्या म्हशीला हाक मार."

तिनं मारली. बारकी, पण स्वच्छ. म्हशीनं लक्ष दिलं नाही.

"आसं." आण्णांनी छाती भरून घेतली आणि हाक दिली. ती मधेच फुटली, खोकल्यात गेली. पण खालच्या वावरातल्या म्हशीनं मान वर केली होती. आण्णा खोकत खोकत हसले, आणि त्यांचा अंगठा तळहातावर फिरायला लागला तेव्हा ईश्वरीनं सरळ तो धरूनच ठेवला.

राक्षस झक्क झाला. शेवटच्या रांगेत चहावाला उभा होता, तो दचकला म्हणे. आण्णा पुढं बसायला तयारच नव्हते, तेही मागंच उभे होते.

रात्री ती तोंडाचा काळा रंग धुऊन चुलीपाशी आली. आई पायऱ्यावर बसून नेहमीसारखी बोटानं दाताला मिश्री लावत होती. तव्यावर भाजलेली, काळी, तंबाखूचीच. पन्नास वर्षांची सवय. तिच्याकडं कुणी कधी बघितलंच नव्हतं. ईश्वरी बघत उभी राहिली.

"आज्जी, तुझ्यासाठी कुठल्या रंगाचा पेन घेऊ?"

आईचं बोट तोंडातच राहिलं. आण्णांनी पेपर वर केला आणि त्यामागं तोंड लपवलं.

"दूध उतू चाललंय बघ आत," आई म्हणाली. "जा, बघ आधी."