विषय: दोन युजर वाढवले, बिल अडीच पट आले – जुलैचे बिल तपासावे

सपोर्ट टीमला नमस्कार,

आमची फोंड्याला किराणा मालाची घाऊक पेढी आहे आणि तुमचं बिलिंग-स्टॉकचं सॉफ्टवेअर आम्ही चार वर्षं वापरतोय. आजवर १० युजर होते. डिचोलीला नवं गोदाम घेतलं, म्हणून तिथल्या दोघा मुलांसाठी १६ जूनला दोन युजर वाढवले. जूनचं बिल ₹७,६७० होतं. १ जुलैचं आलं ₹१९,१७५.

आमचा दर युजरमागे महिना ₹६५०. बारा जणांचे ७,८००, जूनच्या शेवटच्या १५ दिवसांचे दोघांचे ६५०, वर १८ टक्के आयजीएसटी १,५२१. म्हणजे ₹९,९७१ व्हायला हवेत. तुमच्या बिलावर युजरची संख्याच नाही, नुसतं 'Team Plan – Monthly' आणि रक्कम. मग मी उलटा हिशेब केला. २५ युजरचे १६,२५०, त्यावर कर २,९२५, बेरीज नेमकी १९,१७५. आम्हाला २५ युजरच्या टप्प्यात टाकलंय असंच यावरून दिसतं. तसं असेल तर दहाच्या वर गेल्यावर पंचवीसचे पैसे लागतात हे आमच्या कुठल्या करारात लिहिलंय, ते पाठवा. युजर वाढवताना स्क्रीनवर '2 users will be added to your plan' एवढंच आलं, रक्कम दिसली नाही. स्क्रीनशॉट जोडला आहे. शेठकडून मी महिन्याला जादा ₹१,३०० आणि कर एवढ्याचीच मंजुरी घेतली होती. आता त्यांना उत्तर मला द्यायचंय.

बिल एरवी कार्डातून आपोआप कापलं जातं. या वेळी रक्कम ₹१५,००० च्या वर गेल्यामुळे ओटीपी मागितला, म्हणून लक्षात आलं. ओटीपी मी दिलेला नाही.

काल फोन केला तर तो विक्री विभागाला जोडून दिला आणि त्यांनी वार्षिक प्लॅन घ्या म्हणून सांगितलं. मला प्लॅन नको, या बिलाचं उत्तर हवंय.

तुमचं जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत जाईल आणि १४ ला हे बिल आमच्या २बी मध्ये उतरेल. म्हणून ते त्याआधीच रद्द करून १२ युजरचं नवं बिल द्या. रद्द होत नसेल तर फरकाची क्रेडिट नोट द्या, पण पुढच्या महिन्यात वळतं करू असं नुसतं तोंडी नको.

₹९,९७१ आजच भरायला आम्ही तयार आहोत. मात्र निकाल लागेपर्यंत खातं बंद करू नका. पावसात गिऱ्हाईक कमी असलं तरी चवथीच्या मालाच्या ऑर्डरी आताच सुटायला लागतात, आणि दोन्ही गोदामांचा स्टॉक तुमच्याच सॉफ्टवेअरवर आहे. टप्प्याचा नियम खरोखरच असेल तर तेही स्पष्ट लिहा, म्हणजे दोन युजर काढून पुन्हा दहावर यायचं का ते ठरवता येईल.

उत्तर ईमेलवरच, लेखी द्यावं.

आपली,
हिशेब विभाग, फोंडा

सोबत: जून आणि जुलैची बिलं, १६ जूनचा स्क्रीनशॉट